बारावी सायक्लोटॉमिक बहुपदी कागदावर कशी काढायची

बीएस्सीला ॲब्स्ट्रॅक्ट अल्जिब्रा सुरू झालं की कधी ना कधी सायक्लोटॉमिक बहुपदी समोर येतात. त्यांची व्याख्या संमिश्र संख्यांच्या भाषेत दिलेली असते, त्यामुळे बरीच मुलं तिथेच बिचकतात. प्रत्यक्षात Φ₁₂(x) काढायला नववीत शिकलेला बहुपदींचा भागाकार पुरतो. नौपाड्यात माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना मी हीच बहुपदी आधी करायला देतो. १२ ला विभाजक भरपूर आहेत, आकडे लहान राहतात आणि चूक होण्याच्या सगळ्या जागा या एका गणितात येऊन जातात.

करायचं एवढंच आहे: x¹² − 1 घ्यायची, तिच्यात दडलेल्या लहान सायक्लोटॉमिक बहुपदींनी तिला भागत जायचं आणि शेवटी जे उरेल ते Φ₁₂. भागाकार अवघड नाही. कोणत्या बहुपदींनी भागायचं आणि प्रत्येकीने किती वेळा भागायचं, हा हिशेब चुकतो. म्हणून भागायला बसण्याआधी यादी करायची.

यादी कशी करायची

x¹² − 1 = 0 या समीकरणाला बारा मुळं आहेत. ती कुठे असतात हे पाहायला भिंतीवरच्या घड्याळाकडे बघा. संमिश्र प्रतलात त्रिज्या १ असलेल्या वर्तुळावर ही मुळं बरोबर ३०-३० अंशांवर बसलेली असतात, घड्याळाच्या आकड्यांसारखी. १२ च्या जागी १ ही संख्या आहे असं धरा. वर्तुळ कोणत्या दिशेला फिरवलंत याने पुढच्या हिशेबात काही फरक पडत नाही.

आता एखादा आकडा निवडा आणि १२ पासून तेवढ्या तासांच्या उड्या मारत चला. उडी म्हणजे त्या मुळाचा एक घात. ४ च्या उड्या मारल्या तर ४, ८, १२ अशा तीन उड्यांत तुम्ही परत १२ वर येता. ३ च्या उड्या मारल्या तर चार उड्या लागतात. ६ ला दोनच पुरतात. १० च्या उड्या १०, ८, ६, ४, २, १२ अशा जातात, म्हणजे सहा. पण १, ५, ७ किंवा ११ च्या उड्या मारल्या तर पुऱ्या बारा उड्या होईपर्यंत १२ वर पोचताच येत नाही. हवं तर ५ चं करून बघा: ५, १०, ३, ८, १, ६, ११, ४, ९, २, ७, १२. प्रत्येक आकड्याला एकदा शिवल्याशिवाय सुटका नाही.

परत यायला जितक्या उड्या लागतात तो त्या मुळाचा क्रम. ज्यांचा क्रम d आहे अशी सगळी मुळं एकत्र घेऊन जी बहुपदी बनते ती Φ_d. बारा आकड्यांची वाटणी अशी होते:

| क्रम d | घड्याळावरचे आकडे | Φ_d ची कोटी |
|---|---|---|
| १ | १२ | १ |
| २ | ६ | १ |
| ३ | ४, ८ | २ |
| ४ | ३, ९ | २ |
| ६ | २, १० | २ |
| १२ | १, ५, ७, ११ | ४ |

डावीकडच्या स्तंभात १२ चे सगळे विभाजक आले आहेत, त्याशिवाय दुसरं काही नाही. उजवीकडच्या कोटींची बेरीज १२ होते. प्रत्येक मूळ एकाच गटात आलं आहे, कुठलंही दोनदा नाही. म्हणून

x¹² − 1 = Φ₁ · Φ₂ · Φ₃ · Φ₄ · Φ₆ · Φ₁₂

आणि यात प्रत्येक अवयव एकदाच आहे. हे "एकदाच" वहीत अधोरेखित करून ठेवा, पुढे त्याचं काम पडणार आहे. शिवाय अजून एकही भागाकार केलेला नसताना उत्तराची कोटी ४ असणार हे आपल्याला कळलं आहे.

छोट्या पाच बहुपदी

उत्तराच्या आधीच्या पाच बहुपदी याच पद्धतीने, लहानापासून मोठ्याकडे जात मिळतात. Φ₁ तर x − 1 आहेच. x² − 1 मध्ये फक्त Φ₁ आणि Φ₂, म्हणून x − 1 ने भागलं की Φ₂ = x + 1. x³ − 1 मध्ये Φ₁ आणि Φ₃, म्हणून Φ₃ = x² + x + 1. ४ चे विभाजक १, २, ४. त्यातल्या पहिल्या दोन बहुपदींचा गुणाकार x² − 1, आणि x⁴ − 1 ला तिने भागलं की Φ₄ = x² + 1.

Φ₆ वर जरा थांबू, कारण Φ₁₂ च्या वेळी हीच चाल पुन्हा खेळायची आहे. ६ चे विभाजक १, २, ३, ६. यातल्या Φ₁ आणि Φ₃ एकेकट्या घेत बसायची गरज नाही, कारण त्यांचा गुणाकार x³ − 1 हा आपल्या हातात आधीपासून आहे. x⁶ − 1 = (x³ − 1)(x³ + 1), म्हणजे एका फटक्यात दोन्ही बाजूला झाल्या आणि x³ + 1 उरली. यादीतलं काय उरलं? Φ₂ आणि Φ₆. म्हणून x³ + 1 ला x + 1 ने भागायचं.

इथे नववीतलं सहगुणक रूप वापरा. x³ + 1 चं सहगुणक रूप (1, 0, 0, 1). मधले दोन शून्य लिहायचेच. ते गाळले की उरलेले सहगुणक चुकीच्या घातांखाली सरकतात, आणि भागाकार वरवर नीट झालेला दिसला तरी उत्तर भलतंच येतं. x + 1 ने भागायचं म्हणून संश्लेषक पद्धतीत −1 घ्यायचा:

```
-1 |  1    0    0    1
   |      -1    1   -1
   --------------------
      1   -1    1    0
```

बाकी 0, भागाकार (1, −1, 1), म्हणजे Φ₆ = x² − x + 1. मधल्या पदाचं उणे चिन्ह लक्षात ठेवा. Φ₃ आणि Φ₆ यांच्यात फरक तेवढाच आहे, आणि घाईत एकीच्या जागी दुसरी लिहिली जाते.

लांबचा रस्ता, एकदा तरी चालून बघण्यासारखा

आता पाचही हातात आहेत. त्यांचा गुणाकार करायचा आणि x¹² − 1 ला त्याने एकदाच भागायचं. गुणाकार वाटतो तेवढा मोठा नाही, कारण Φ₁, Φ₂, Φ₃, Φ₆ मिळून x⁶ − 1 होते. उरली Φ₄:

(x⁶ − 1)(x² + 1) = x⁸ + x⁶ − x² − 1

भाज्यात आणि भाजकात सगळे घात सम आहेत. म्हणून x² = y ठेवलं तर लिहिणं निम्मं होतं. भाज्य y⁶ − 1, भाजक y⁴ + y³ − y − 1. भाजकाचं सहगुणक रूप (1, 1, 0, −1, −1). यातही y² चा शून्य आहे, तो सोडायचा नाही. मांडणी अशी:

```
 भाज्य      1   0   0   0   0   0  -1
  1 पट      1   1   0  -1  -1
 ------------------------------------
 उरलं          -1   0   1   1   0  -1
 -1 पट         -1  -1   0   1   1
 ------------------------------------
 उरलं               1   1   0  -1  -1
  1 पट              1   1   0  -1  -1
 ------------------------------------
 बाकी               0   0   0   0   0
```

प्रत्येक टप्प्याला वरच्या ओळीतून खालची ओळ वजा करायची. दुसऱ्या टप्प्यात बहुतेकांचा हात अडखळतो, कारण भाजकाला −1 ने गुणल्यावर सगळी चिन्हं उलटतात आणि वजा करताना ती पुन्हा उलटतात. तिथे घाई करू नका. हवं तर वजाबाकी करण्याऐवजी चिन्हं बदललेली ओळ वेगळी लिहून बेरीज करा. तिसऱ्या टप्प्यावर पोचलात की खुद्द भाजकच समोर उभा असलेला दिसतो. तो दिसला नाही, तर चूक त्याच्या आधीच्या ओळीत शोधायची.

पटींचे आकडे वरून खाली 1, −1, 1. म्हणून भागाकार y² − y + 1, आणि y च्या जागी x² परत ठेवलं की

Φ₁₂(x) = x⁴ − x² + 1

कोटी ४. यादीने आधीच सांगितलं होतं तेवढीच.

जवळचा रस्ता

हेच उत्तर दोन ओळींत येतं. Φ₆ च्या वेळी केलं तसं आधी मोठा गठ्ठा बाजूला करायचा. x¹² − 1 = (x⁶ − 1)(x⁶ + 1). यादीतले १, २, ३, ६ हे चारही विभाजक ६ चे आहेत, त्यामुळे ते x⁶ − 1 बरोबर निघून गेले. x⁶ + 1 मध्ये उरल्या Φ₄ आणि Φ₁₂. आता x⁶ + 1 ला x² + 1 ने भागा. x² = y ठेवलं तर हा y³ + 1 भागिले y + 1 असा भागाकार होतो, आणि तो आपण Φ₆ काढताना केलेला आहे: (1, −1, 1). झालं काम.

म्हणजेच Φ₁₂(x) = Φ₆(x²). १२ = २ × ६ आहे आणि ६ ला २ ने भाग जातो, म्हणून असं घडतं. ही अट विसरून कुठेही x च्या जागी x² ठेवायला जाऊ नका. ६ = २ × ३ असलं तरी ३ ला २ ने भाग जात नाही, म्हणून Φ₃ मध्ये x² ठेवल्यावर Φ₆ मिळत नाही. मिळते x⁴ + x² + 1, आणि ती Φ₃ व Φ₆ यांचा गुणाकार आहे. Φ₁₂ म्हणून ही चुकीची बहुपदी लिहिलेली मी अनेक वह्यांत पाहिली आहे, कारण बरोबर उत्तरापासून ती फक्त एका चिन्हाने दूर आहे.

बाकी शून्य येत नसेल तर

ऐरोलीहून ट्रान्स-हार्बर लोकलने येणारी माझी एक विद्यार्थिनी ट्रेनमध्येच हे गणित करत होती. आल्या आल्या म्हणाली, "सर, x⁶ − 1 ने भागलं, मग x⁴ − 1 ने भागलं, पण बाकी शून्य येतच नाही. भागाकार तीनदा तपासला."

तिचा भागाकार बरोबर होता. वहीत शेवटी असं होतं: x⁶ + 1 ला x⁴ − 1 ने भागलं, भागाकार x², बाकी x² + 1.

मी तिला दोन्ही भाजकांखाली त्यांचे अवयव लिहायला सांगितले. x⁶ − 1 खाली Φ₁, Φ₂, Φ₃, Φ₆. x⁴ − 1 खाली Φ₁, Φ₂, Φ₄. लिहितानाच तिचं पेन थांबलं. "Φ₁ आणि Φ₂ दोनदा झाले ना?"

तेच झालं होतं. x⁶ − 1 ने भागताना Φ₁ आणि Φ₂ निघून गेल्या होत्या. उरलेल्या x⁶ + 1 मध्ये त्या नाहीतच, मग त्यांनी पुन्हा भाग कसा जाणार? ६ आणि ४ हे दोन्ही १२ चे विभाजक आहेत, म्हणून x⁶ − 1 आणि x⁴ − 1 यांपैकी कुठल्याही एकीने x¹² − 1 ला भाग जातो. दोघींच्या गुणाकाराने मात्र जात नाही, कारण ६ आणि ४ चा मसावि २ आहे आणि x² − 1 दोघींत सामाईक आहे. हा मार्ग वापरायचाच असेल तर दुसऱ्यांदा काढलेली x² − 1 वर परत द्यावी लागते:

Φ₁₂(x) = (x¹² − 1)(x² − 1) ÷ [(x⁶ − 1)(x⁴ − 1)]

पुस्तकात म्यूबियस फलनाचं सूत्र दिलेलं असतं, ते १२ साठी लिहिलं की हेच मिळतं. सूत्र पाठ करण्याआधी वरची x² − 1 तिथे का आली हे या उदाहरणावर बघितलंत, तर चिन्हं लक्षात ठेवावी लागत नाहीत.

म्हणून माझ्या वर्गात नियम असा की भागाकार केला की यादीतले विभाजक खोडायचे. x⁶ − 1 ने भागलं, की १, २, ३, ६ खोडले. आता जे खोडलेलं नाही त्यालाच हात लावायचा.

याच्या उलट चूक जास्त फसवी असते. x⁶ − 1 ने भागून x⁶ + 1 मिळाली, बाकी शून्य आली, आणि तिथेच "उत्तर" लिहून पान उलटलं. इथे Φ₄ काढायची राहिली आहे, पण भागाकारात कुठेही खटकणारं काही नाही. बाकी शून्य आली याचा अर्थ काढलेला अवयव तिथे होता एवढाच. सगळे अवयव निघाले की नाही हे बाकी सांगत नाही. ते कोटी सांगते. ६ आली, हवी होती ४. दोनाचा फरक म्हणजे कोटी २ चा एखादा अवयव आत राहिला आहे, आणि खोडलेल्या यादीकडे बघितलं की तो Φ₄ आहे हे लगेच कळतं.

उत्तर ताडून कसं बघायचं

कोटी जुळली तरी मधलं चिन्ह चुकलेलं असू शकतं. त्यासाठी x ला एखादी किंमत देऊन बघायची.

सर्वांत स्वस्त किंमत १. जवळच्या रस्त्यात Φ₁₂ ही x⁶ + 1 भागिले x² + 1 अशी आली होती; x = 1 ठेवलं तर 2 ÷ 2 = 1. आपल्या उत्तरातही 1 − 1 + 1 = 1. चुकीच्या x⁴ + x² + 1 मध्ये 3 येतात, म्हणजे चूक तिथल्या तिथे पकडली जाते. मात्र x¹² − 1 मध्ये थेट १ ठेवू नका, तिथे दोन्ही बाजूंना शून्य येऊन काहीच कळत नाही.

मला २ ही किंमत जास्त आवडते, कारण तिच्यात पाचही छोट्या बहुपदी एकत्र तपासून होतात. 2¹² − 1 = 4095. Φ₁ पासून क्रमाने किमती 1, 3, 7, 5, 3 येतात, आणि त्यांचा गुणाकार 315. 4095 ला 315 ने भागलं की 13. आपल्या उत्तरात 16 − 4 + 1 = 13. चिन्ह चुकलं असतं तर 21 आले असते.

आणि १० ठेवून बघितलंत तर एक सुंदर गोष्ट हाती लागते. 10¹² − 1 म्हणजे सलग बारा नऊ. Φ₁₂(10) = 10000 − 100 + 1 = 9901. ही मूळ संख्या आहे. उरलेल्या पाच बहुपदींच्या किमती 9, 11, 111, 101, 91, आणि त्यांचा गुणाकार 100999899. आता १ ला ९९०१ ने भागून दशांश रूप काढा: 0.000100999899, आणि पुढे हेच बारा अंक पुन्हा पुन्हा. बारा अंकांचा आवर्ती गट देणारी मूळ संख्या ही एकच आहे. एखाद्या मूळ संख्येच्या व्यस्ताचा आवर्ती गट बारा अंकी असायचा, तर तिने 10¹² − 1 ला भाग जावा लागतो, पण त्याहून लहान 10ᵏ − 1 ला जाता कामा नये. लहान विभाजकांचं सगळं बाजूला करून उरतं ते Φ₁₂(10), म्हणजे आपण कागदावर केलं तेच. तसंच Φ₆(10) = 91 = 7 × 13, आणि १/७ व १/१३ या दोघांचे आवर्ती गट सहा अंकी आहेत.

आवर्ती दशांशांवर दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांनी लिहिलं आहे. त्यांचा जन्म १९०५ मध्ये डहाणूला झाला आणि शालेय शिक्षण आपल्या ठाण्यात. शाळेतल्या भागाकारातून एवढं काही दिसू शकतं हे त्यांचं काम वाचणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही, म्हणून या टप्प्यावर मी मुलांना त्यांचं नाव आवर्जून सांगतो.

संगणकावर ताडायचं असेल तर पायथॉनमध्ये एवढं पुरे:

```python
from sympy import symbols, div, cyclotomic_poly
x = symbols('x')
print(div(x**12 - 1, (x**6 - 1)*(x**2 + 1), x))
print(cyclotomic_poly(12, x))
```

पहिल्या ओळीत भागाकार आणि बाकी मिळते, दुसरीत थेट बहुपदी. हे कागदावरचं उत्तर आल्यानंतर चालवा. आधी चालवलंत तर यादी खोडायची सवय लागणार नाही.

हिचे आणखी अवयव पडतात का?

x⁴ − x² + 1 बघून हा प्रश्न पडतोच, कारण घात सम आहेत आणि दोन वर्गबहुपदींत तुटेल असं वाटतं. तुटतेही, पण परिमेय सहगुणकांत नाही. x⁴ − x² + 1 ही (x² + 1)² − 3x² अशी लिहा, म्हणजे दोन वर्गांची वजाबाकी, आणि अवयव मिळतात (x² − √3x + 1) आणि (x² + √3x + 1). √3 आलाच.

दुसरी एखादी फोड √3 शिवाय जमेल का? घड्याळाकडे परत बघा. सहगुणक वास्तव हवे असतील तर प्रत्येक मुळाबरोबर त्याचं आरशातलं प्रतिबिंब त्याच अवयवात यावं लागतं. १२ आणि ६ ला जोडणाऱ्या रेषेत आरसा धरला तर १ चं प्रतिबिंब ११ आणि ५ चं ७. म्हणजे जोड्या ठरलेल्या आहेत, निवडायला वाव नाही. १ आणि ११ या मुळांची बेरीज √3, ५ आणि ७ ची −√3. वास्तव मूळ चारांत एकही नाही, म्हणून एक घाताचा अवयव निघायचा प्रश्नच नाही. तेव्हा परिमेय सहगुणकांत Φ₁₂ अविभाज्य आहे. प्रत्येक n साठी Φ_n अशीच अविभाज्य असते, पण त्याची सिद्धता इतक्या थोडक्यात होत नाही; १२ साठी ती चार ओळींत झाली कारण मुळं चारच होती.

याच पद्धतीने पुढची

१८ घ्या. विभाजक १, २, ३, ६, ९, १८. मोठा गठ्ठा x⁹ − 1, त्याने १, ३, ९ खोडले जातात आणि x⁹ + 1 उरते. आता २ आणि ६ खोडायचे राहिले. Φ₂ आणि Φ₆ यांचा गुणाकार x³ + 1 हे आपण वर पाहिलं आहे. x³ = z ठेवलं तर पुन्हा z³ + 1 भागिले z + 1, तोच (1, −1, 1), आणि Φ₁₈ = x⁶ − x³ + 1.

१२ आणि १८ करून झाल्यावर मुलं विचारतात की सहगुणक नेहमी 0, 1 आणि −1 च असतात का. १०४ पर्यंत तसंच आहे. १०५ ला, म्हणजे ३ × ५ × ७ ला, पहिल्यांदा −2 हा सहगुणक येतो. Φ₁₀₅ ची कोटी ४८ आहे, ती हाताने काढायच्या फंदात पडू नका. त्याऐवजी Φ₁₈ मध्ये २ ठेवून 64 − 8 + 1 = 57 येतात ते बघा, आणि 2¹⁸ − 1 = 262143 ला उरलेल्या पाच बहुपदींच्या किमतींनी भागून तेच ५७ मिळतात का ते ताडा. त्यासाठी Φ₉ लागेल. ती x⁹ − 1 ला x³ − 1 ने भागून मिळते, आणि २ ठेवल्यावर तिची किंमत ७३ यायला हवी.